शीर्षकाला टोक कसं द्यायचं : एका कवितेवरचा सत्रनिबंध

प्रश्न : दुसऱ्या सत्रासाठी एकाच कवितेवर अडीच हजार शब्दांचा निबंध लिहायचा आहे, शीर्षक ज्याचं त्यानं ठरवायचं. मी 'बालकवींच्या औदुंबर कवितेचे सौंदर्य' असं दिलं होतं. बाईंनी 'फार मोघम आहे, टोक द्या' असा शेरा मारून परत केलं. टोक द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : आधी ते शीर्षक बाजूला ठेवा. त्याच्याकडे बघत बसलात तर 'सौंदर्य'चं 'निसर्गसौंदर्य' होईल, त्याचं 'निसर्गसौंदर्य : एक आस्वाद' होईल, आणि तिसऱ्यांदाही तोच शेरा मिळेल. शब्द वाढले तरी विषय तेवढाच मोघम राहतो. 'बालकवींच्या' आणि 'औदुंबर' हे दोन शब्द काढून तिथे दुसऱ्या कोणत्याही कवीची निसर्गकविता घाला. शीर्षक जसंच्या तसं चालतं. बाईंना खटकलं ते हेच. टोक असलेलं शीर्षक या एका कवितेखेरीज कुठेच बसत नाही, आणि तसं शीर्षक कवितेतल्या एखाद्या खटकणाऱ्या जागेतूनच निघतं.

म्हणून सुरुवात कवितेपासून. कविता सुट्या कागदावर हातानं उतरवून घ्या, ओळींना क्रमांक द्या. कोणत्या पुस्तकातली प्रत घेतली ते तिथेच लिहून ठेवा. जुन्या छपाईत 'झांकळुनी', 'जळांत' असे अनुस्वार दिसतात, अलीकडच्या पुस्तकांत ते बहुधा गळालेले असतात. शीर्षकात कवितेतला शब्द अवतरणात घ्यायचा झाला तर तो आपल्या प्रतीत आहे तसाच यायला हवा.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

आठच ओळी आहेत, म्हणून एकूण एक शब्द तपासता येतो. आता दहा-पंधरा नोंदी काढायच्या. नोंद म्हणजे कागदावर बोट ठेवून दाखवता येईल अशी गोष्ट, सोबत ओळीचा क्रमांक. 'शांत वातावरण' ही नोंद नव्हे, कारण ती तुमच्या मनात आहे. 'तिसऱ्या ओळीत क्रियापद नाही' ही नोंद आहे. अर्थ लावायची घाई इथेच सगळ्यात जास्त होते. औदुंबर म्हटलं की दत्त आठवतो, पाण्याकाठी बसला म्हटलं की तपस्वी आठवतो, आणि पाचव्या मिनिटाला कवितेचा निकाल लागलेला असतो. ते वाचन चूक आहे असं नाही. पण ते कवितेत सापडलेलं नसून आपण सोबत आणलेलं असतं, आणि त्याच्या पायी बाकीच्या सात ओळी नुसता देखावा होऊन बसतात.

या कवितेवरच्या काही नोंदी अशा निघतील. रंग तिसरी आणि आठवी सोडून प्रत्येक ओळीत आहे. हिरवा पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत येतो, त्यानंतर येत नाही. काळा पहिल्यांदा सहाव्या ओळीत येतो, म्हणजे हिरवा जिथे शेवटचा दिसतो त्याच ओळीत. औदुंबर हे हिरवं झाड, पण त्याला कुठेही हिरवं म्हटलेलं नाही. 'गोड' हे विशेषण 'काळिमा'ला लावलंय, आणि काळिमा एरवी फासला जातो किंवा लागतो. सातव्या ओळीत 'पसरी' म्हणजे कोण पसरवतो ते त्या ओळीत कळत नाही, कर्ता शोधायला आठव्या ओळीच्या शेवटापर्यंत जावं लागतं. शीर्षकातलं झाड कवितेत यायला शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. घरं आहेत, शेतं आहेत, वाट आहे, माणूस मात्र एकही नाही. 'गर्दी' आहे ती शेतमळ्यांची. 'पाय' हा शब्द दोनदा येतो, पाचव्या ओळीत 'पायवाट'मध्ये आणि आठव्या ओळीत झाडाला.

यातली कोणती नोंद घ्यायची? जी वाचून 'हे असं का?' असा प्रश्न आपोआप पडतो आणि ज्याचं उत्तर लगेच सुचत नाही, ती. तीन नोंदी लावून पाहू.

रंगांची नोंद पहिल्यांदा डोळ्यात भरते. तिच्यावरून शीर्षक होईल 'औदुंबर कवितेतील रंगप्रतिमा'. 'सौंदर्य'पेक्षा बरं, पण हा अजून विषयच आहे, त्यात म्हणणं नाही. थोडं पुढे नेलं तर 'हिरव्याकडून काळ्याकडे : औदुंबरमधील रंगांचा प्रवास'. आता दिशा आली. तरी एक अडचण उरते. हा प्रवास कविता वाचणाऱ्या कुणालाही दिसतो, 'नाही, असं नाही' म्हणणारा माणूस सापडणार नाही. ज्यावर कुणाचं दुमत होऊ शकत नाही त्यावर अडीच हजार शब्द लिहायचे म्हणजे एकेका ओळीचं गद्यात रूपांतर करत जायचं. सत्रनिबंध असे रसग्रहणाच्या वाटेला लागतात ते बहुधा याच कारणानं.

दुसरी मोहात पाडणारी वाट चरित्राची. बालकवी १९१८ साली रेल्वे अपघातात गेले, तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. शेवटी काळा डोह येतो, मग 'औदुंबर : बालकवींची मृत्युजाणीव' असं शीर्षक सुचतं. ते ऐकायला वजनदार वाटतं, पण या आठ ओळींत मृत्यूचा शब्द नाही. ते सिद्ध करायला त्यांच्या दुसऱ्या कविता लागतील, पत्रं लागतील, म्हणजे निबंध एका कवितेवरचा राहणार नाही. शिवाय अपघात हा अचानक घडलेला, त्याची सावली मागे ओढून आधीच्या कवितेवर पाडता येत नाही. जे शीर्षक पेलायला कवितेबाहेरचा पुरावा लागतो, ते एका कवितेच्या निबंधात घेऊ नये. हा नियम मी अगदी कडक मानतो.

तिसरी नोंद पायांची. पायवाट आहे, म्हणजे माणसं त्या वाटेनं चालली असणार. चालल्याशिवाय पायवाट पडतच नाही. पण चालणारा कुठे दिसत नाही. मग तीन ओळींनी पाय येतात, आणि ते झाडाचे असतात. इथे प्रश्न आपोआप उभा राहतो : माणसाच्या वाटेवर माणूस नाही आणि पाय झाडाला आहेत, हे का? याचं उत्तर चटकन सुचत नाही, आणि दोन वाचक दोन उत्तरं देऊ शकतात. हीच नोंद धरायची.

आता शीर्षक नको, आधी एक पूर्ण वाक्य लिहा, क्रियापदासकट. बहुतेकांची गाडी इथे अडते, कारण शीर्षकाला क्रियापद लागत नाही आणि म्हणून म्हणणं नसलं तरी ते झाकून जातं. वाक्यात झाकता येत नाही. पहिलं वाक्य असं निघेल : 'औदुंबर कवितेत माणूस अनुपस्थित आहे आणि झाडाचं मानवीकरण केलं आहे.' खरं आहे, पण या 'आणि'कडे बघा. दोन नोंदी शेजारी ठेवल्या आहेत, त्यांचा एकमेकींशी संबंध काय ते सांगितलेलं नाही. 'आणि' काढून तिथे 'म्हणून', 'तरी' किंवा 'त्यामुळे' घालून पाहा. 'औदुंबर कवितेत गाव, शेत आणि पायवाट या माणसाच्या खुणा ठेवून माणूस वगळला आहे, त्यामुळे डोहापाशी एक रिकामी जागा तयार होते आणि ती शेवटच्या ओळीत झाड घेतं.' आता हे विधान झालं. यावर कुणी म्हणू शकेल की रिकामी जागा वगैरे काही नाही, निसर्गचित्रात माणूस नसतोच. असं म्हणता येतं म्हणूनच लिहिण्यासारखं काही आहे.

शीर्षक करण्याआधी विधानावर स्वतःच हल्ला करून घ्यावा, नाहीतर तोंडी परीक्षेत तो दुसरं कुणीतरी करतं. पहिला आक्षेप : 'पायवाट' हा रोजचा शब्द आहे, त्यातला 'पाय' कुणाच्या कानाला वेगळा जाणवत नाही, मग दोन 'पाय' जोडणं ओढूनताणून नाही का? उत्तर शेवटच्या ओळीतल्या क्रियापदात सापडतं. पाण्याकाठी बसलेल्या माणसाबद्दल आपण एरवी 'पाण्यात पाय सोडून बसला' म्हणतो. इथे 'सोडुनी' नाही, 'टाकुनी' आहे, आणि 'पाय टाकणे' हे मराठीत चालण्याचं, प्रवेश करण्याचंही क्रियापद आहे. त्या घरात पुन्हा पाय टाकणार नाही, असं आपण म्हणतो. म्हणजे एकाच ओळीत चालण्याचा शेवटचा ठसा आणि बसणं शेजारी आले आहेत. वाट जिथे संपते तिथे पाय पडतो आणि चाल थांबते. या एका शब्दावर निबंधाचा सगळ्यात भक्कम परिच्छेद उभा राहील.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मानवीकरण शेवटच्या ओळीतच येतं असं कुठे आहे? झराही हिरवाळी 'घेऊन' वाहतो, पायवाटही 'चालली' आहे. हे नाकारू नका, निबंधात घ्या. वाट चालली, झरा घेऊन आला हे बोलीत रुळलेले प्रयोग आहेत, त्यांनी झरा किंवा वाट माणूस होत नाही. झाडाला मात्र अवयव मिळतो आणि बसायची ढब मिळते. फरक असा तोलून दाखवला की विधान अधिक नेमकं होतं. पण या आक्षेपामुळे एक शब्द बदलावा लागतो : 'मानवीकरण' हा शब्द झऱ्यालाही लागू पडतो, म्हणून तो शीर्षकात नको. तिथे 'पाय' हाच शब्द हवा. टोक देणं म्हणतात ते याला. मोठ्या पारिभाषिक शब्दाच्या जागी कवितेतला छोटा शब्द येतो आणि शीर्षक आपोआप अरुंद होतं.

आता विधानाचं शीर्षक करू. पहिली खेप : 'औदुंबर कवितेतील माणसाची अनुपस्थिती आणि शेवटच्या ओळीतील मानवीकरण'. 'मानवीकरण' का नको ते झालं. 'अनुपस्थिती' हा शब्द फक्त नसणं सांगतो. आपलं म्हणणं असं आहे की नसल्यामुळे जागा तयार होते आणि ती भरली जाते. म्हणून 'रिकामी जागा'. दुसरी खेप : 'पायवाटेला नसलेले पाय : औदुंबर कवितेतील माणसाची रिकामी जागा'. हे बरंच जवळ आलं. पहिला भाग कानाला गोडही लागतो, आणि तिथेच सावध व्हायला हवं. 'नसलेले पाय' हा शब्दप्रयोग तुमचा आहे, कवितेचा नाही; आणि अर्धंच सांगतो, कारण पाय शेवटी सापडतात. तिसरी खेप :

'पायवाट' ते 'पाय' : 'औदुंबर'मधील माणसाची रिकामी जागा आणि ती घेणारे झाड

दहा-बारा शब्द आहेत, दोन भाग आहेत. पहिल्या भागात फक्त कवितेतले दोन शब्द, अवतरणात. दुसऱ्यात कवितेचं नाव आणि विधानाचा सारांश. 'ती घेणारे झाड' थोडं जड वाटलं तर 'आणि शेवटच्या ओळीतील झाड' असं करता येईल, पण मग झाड आणि जागा यांचा संबंध सुटतो आणि तो जुना 'आणि' परत येतो. जडपणा परवडला. शीर्षकात कवीचं नाव घालायचं की नाही हा विभागाच्या पद्धतीचा प्रश्न आहे. मागितलं तर 'बालकवींच्या "औदुंबर"मधील' इतकंच करा, जागा हलवू नका.

शीर्षक तयार वाटलं की दोन गोष्टी तपासा. एक, अदलाबदल : कवितेचं नाव बदलून पाहा. या शीर्षकात दुसरी कविता घातली तर ते कोसळतं, कारण 'पायवाट' आणि 'पाय' तिथे नसणार. दोन, ओळींची मोजणी : आठांपैकी किती ओळींना या शीर्षकाचं काम आहे? तिसरी ते सहावी माणसाच्या खुणांसाठी, आठवी पायांसाठी. पहिली-दुसरी झऱ्याच्या आक्षेपासाठी. सातवी? तिथे थोडं अडतं. काळिमा पसरवणारा कर्ता आठव्या ओळीपर्यंत लपलेला आहे, म्हणजे झाड दिसण्याआधी त्याची कृती दिसते, तीही रिकाम्या जागेचीच एक रीत आहे, असं वाचता येईल. वाचता आलं तर उत्तम. नाही आलं तर ही ओळ बाजूला ठेवली आहे असं निबंधात स्पष्ट लिहा. छोट्या कवितेत अर्ध्याहून अधिक ओळी शीर्षकाच्या बाहेर राहत असतील तर शीर्षक फार अरुंद झालंय. उदाहरणार्थ, 'औदुंबरमधील "असला" या शब्दाचे कार्य'. 'असला' म्हणजे 'अशा प्रकारचा' की 'बसलेला असला' हा प्रश्न सुंदर आहे, पण दोन पानांत संपतो. निबंधातला एक परिच्छेद म्हणून ठेवा.

लांबीचा हिशोबही आत्ताच करून टाका. अडीच हजार शब्दांत सुरुवातीला तीनशे, शेवटी दोनशे, मध्ये पाचशे-पाचशेचे चार भाग बसतात. आपल्या शीर्षकाला चार भाग आहेत का? माणसाच्या खुणा आणि माणसाचं नसणं. झरा आणि वाट यांना माणसाची क्रियापदं असूनही ती माणूस का होत नाहीत. 'पाय टाकुनी बसला' या शब्दांचं वाचन. आणि तपस्वी किंवा दत्त या प्रचलित वाचनाशी आपलं वाचन कुठे जुळतं, कुठे वेगळं होतं. चार निघाले. शेवटच्या भागात प्रचलित वाचन खोडून काढायचा हट्ट धरू नका. तपस्व्याच्या वाचनाला झाडाचं बसणं पुरतं, वाट लागत नाही. तुमच्या वाचनाला वाट लागते. एवढा फरक दाखवला की पुरे. सहा-सात भाग निघत असतील तर शीर्षकात दोन निबंध दडलेले असतात. दोनच निघाले तर आणखी आक्षेप शोधा.

हे शीर्षक अजून कच्चंच आहे, असं धरून चाला. पहिला खर्डा लिहून झाला की शेवटचा परिच्छेद काढून शीर्षकाशेजारी ठेवा. लिहिता लिहिता म्हणणं सरकतं, आणि ते कुठे पोचलं हे सुरुवातीत नाही, शेवटच्या परिच्छेदात दिसतं. समजा लिहिताना तुमचं लक्ष जागेवरून वेळेवर गेलं : झाड कवितेत किती उशिरा येतं, कर्ता किती लांबवला आहे, यावर निम्मा निबंध गेला. मग 'रिकामी जागा' आता खोटं पडतं, 'उशिरा येणारा कर्ता' खरं ठरतं. अशा वेळी निबंध मोडून जुन्या शीर्षकात बसवू नका, शीर्षक बदला. फक्त विभागात विषय नोंदवून मंजूर करून घेतलेला असेल तर नोंदवलेला पहिला भाग तसाच ठेवून उपशीर्षकात बदल करता येतो का ते बाईंना आधी विचारा. म्हणून नोंदवताना पहिला भाग जरा सैल आणि दुसरा नेमका ठेवणं सोयीचं पडतं. 'पायवाट' ते 'पाय' हा भाग दोन्ही निबंधांना चालतो.

बाईंकडे परत पाठवताना नुसतं शीर्षक पाठवू नका. खाली ते एक पूर्ण विधानवाक्य लिहा, आणि त्याखाली ज्या दोन ओळींवर ते उभं आहे त्या क्रमांकासह द्या : ५, 'पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे'; ८, 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'. मग त्यांना शीर्षकाच्या शब्दांवर नव्हे, तुमच्या वाचनावर बोलता येईल.